नऊ खण आणि एक कौलारू घर

2009 च्या एप्रिलमध्ये झॅक बार्थ नावाच्या अमेरिकन तरुणाने इन्फिनिमायनर नावाचा एक गेम बाजारात आणला. गेम चुरशीचा होता. दोन संघांनी जमिनीत खणत जायचं, मौल्यवान धातू शोधायचे आणि जास्त गुण मिळवणाऱ्याने जिंकायचं. पण खेळणाऱ्यांना त्या गुणांचं फारसं काही वाटेना. खणताना हाती आलेले ठोकळे रचून पूल, मनोरे, वाटेल ते बांधण्यात ती मंडळी रमली. पुढे गेमचा मूळ कोड लोकांच्या हाती लागला, त्याच्या नकला निघाल्या आणि बार्थने तो गेम तिथेच सोडून दिला.

त्याच वर्षी मे महिन्यात स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने त्या गेमवरून सुचलेली आपली एक कच्ची आवृत्ती लोकांपुढे ठेवली. तिच्यात शत्रू नव्हते, भूक नव्हती, गुण नव्हते. ठोकळा ठेवायचा नाहीतर काढायचा, एवढंच. आज जिला माइनक्राफ्ट म्हणतात ती हीच. राक्षस, तलवारी, शेवटचा ड्रॅगन हे सगळं नंतर आलं. ज्या घरातलं मूल ‘पुढच्या लेव्हलला’ जात नाही, नुसतं काहीतरी बांधत बसतं आणि आईवडिलांना वाटतं की याला गेम जमत नाही, त्या घरात हा इतिहास माहीत असलेला बरा. गेमची मूळ चाल त्या मुलाचीच आहे.

माझी नऊ वर्षांची भाची या जातीची. पत्त्यांच्या डावात हरली तरी तिला काही नाही, कारण तिचं अर्धं लक्ष पत्त्यांचा बंगला करण्याकडे असतं. तिच्यासाठी माइनक्राफ्ट घेतलं, क्रिएटिव्ह प्रकार चालू करून दिला आणि मला वाटलं, काम झालं. क्रिएटिव्हमध्ये मरण नाही, उडता येतं, आणि गेममधले जवळजवळ सगळे ठोकळे हवे तेवढे फुकट मिळतात. पण काही दिवसांनी पाहिलं तर स्क्रीनवर अर्धवट जगांची रांग लागली होती. कुठे सोन्याची एक भिंत, कुठे काचेच्या घराचा पाया, कुठे गुलाबी लोकरीचं काहीतरी. विचारलं तर म्हणाली, “मामा, काय बांधू तेच कळत नाही.”

या गेमची खरी अडचण ही आहे आणि ती बांधणाऱ्या मुलांनाच जास्त येते. जिंकणाऱ्या मुलाला गेम सांगतो की पुढे काय करायचं. क्रिएटिव्हमध्ये सांगणारं कोणी नाही, आणि समोर शेकडो प्रकारचे ठोकळे. अशा वेळी मोठी माणसं बहुतेक दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर ‘वा, छान’ म्हणून निघून जातात, नाहीतर यूट्यूबवर महालाचा व्हिडिओ लावून ‘हे कर’ म्हणतात. दोन्हींनी काही होत नाही. त्या मुलाला कुंपण लागतं, आणि ते शक्यतो त्याचं त्यानेच घालावं लागतं.

आम्ही दोन कुंपणं ठरवली. गेममध्ये स्क्रीनच्या तळाशी नऊ खणांची एक पट्टी असते. तिच्यात ठेवलेल्या वस्तू आकडा दाबला की हातात येतात. बाकीच्यांसाठी मोठं कपाट उघडावं लागतं. तर एका बांधकामाला फक्त हे नऊ खण. दहावा ठोकळा हवा असेल तर एक काढून टाकायचा. दुसरं कुंपण जागेचं. नवं जग करताना `World Type` मध्ये `Superflat` निवडलं की डोंगर, नद्या, समुद्र काही नाही, फक्त सपाट हिरवं मैदान मिळतं. तिथे आधी जोत्याची रेघ आखायची आणि तिच्या आतच बांधायचं.

सपाट जगाच्या दोन खोडी आधीच सांगून ठेवतो. एक म्हणजे तिथे हिरवे बुळबुळीत गोळे टुणटुण उड्या मारत सारखे मधेमधे येतात. क्रिएटिव्हमध्ये ते काही करत नाहीत, पण वैताग आणतात. `Difficulty` ही `Peaceful` केली की गायब होतात. दुसरी खोड विहीर खणताना कळते. एक थर गवताचा, दोन मातीचे, आणि लगेच खडक. क्रिएटिव्हमध्ये तो खडकही फुटतो आणि खाली अथांग पोकळी लागते. तिच्यात पडलं तर क्रिएटिव्हमध्येसुद्धा मरण येतं. या प्रकारात मरायची जवळजवळ ती एकच वाट. भाचीला विहीर हवीच होती, म्हणून जमिनीवर चार ठोकळे उंच कठडा बांधून तिने तिचं पाण्याचं टाकं केलं.

बांधायचं काय, हा प्रश्न तिनेच सोडवला. आजोळचं घर बांधायचं. गुहागरच्या बाजूचं, जांभ्या दगडाचं, कौलारू, पुढे ओटी असलेलं घर. मग मापं हवीत. माइनक्राफ्टमध्ये एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, रुंद, उंच, आणि आपलं माणूस त्यात 1.8 मीटर उंच असतं. तिने आबांना फोन लावला. आबांनी मेजपट्टी शोधायचा कंटाळा केला आणि पावलांनी मोजून सांगितलं, रुंदी बारा पावलं, लांबी सोळा. एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं धरलं तर नऊ मीटर बाय बारा मीटर. म्हणजे नऊ ठोकळे बाय बारा. इतकं सरळ.

ते सरळ नव्हतं. नऊ ठोकळ्यांच्या रुंदीत दोन्ही बाहेरच्या भिंतींनी एकेक ठोकळा खाल्ला, सात उरले. मधल्या भिंतीने आणखी एक खाल्ला. दोन खोल्या आल्या, प्रत्येकी तीन ठोकळे रुंद. त्यात दोन ठोकळ्यांचा पलंग आडवा टाकला की खोली संपली. जांभ्याची खरी भिंत जाड असली तरी मीटरभर नसते, पण गेममध्ये भिंत मीटरपेक्षा पातळ करायची सोय जवळजवळ नाही. त्यामुळे घर बाहेरून बरोबर दिसतं आणि आतून खुराडं होतं. माइनक्राफ्टमध्ये बरीच वर्षं बांधकाम करणारे लोक यावर एकच उपाय करतात. खऱ्या मापाच्या दीडपट बांधायचं. छतालाही तेच. तीन ठोकळ्यांची खोली डोक्यावर आल्यासारखी वाटते, चार ठेवले की बरी वाटते.

नऊची दीडपट साडेतेरा. अर्धा ठोकळा रुंदीला चालत नाही, मग तेरा की चौदा? इथे एक गोष्ट मुलांना हाताने करूनच कळते. रुंदी विषम असली तर बरोब्बर मधला असा एक ठोकळा सापडतो. तेरामध्ये सातवा, त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा. दार तिथे बसतं आणि वर छपराचा आढाही तिथेच येतो. चौदामध्ये मधला ठोकळाच नाही. दार एका बाजूला सरकतं, नाहीतर दोन दारं शेजारी लावावी लागतात. तिने तेरा घेतले आणि लांबी अठराऐवजी एकोणीस केली.

जोतं घालायला एकेक ठोकळा ठेवणं कंटाळवाणं होतं म्हणून मी तिला एक आज्ञा शिकवली. जग करतानाच `Allow Cheats` किंवा तुमच्या आवृत्तीत त्या नावाची जी खूण असेल ती चालू ठेवली तर असं लिहिता येतं:

```
/fill ~ ~ ~ ~12 ~ ~18 stone
```

आपण उभे आहोत तिथून एका दिशेला बारा आणि दुसऱ्या दिशेला अठरा ठोकळ्यांपर्यंतची जागा ही आज्ञा दगडाने भरते. उभा ठोकळा धरून तेरा आणि एकोणीस होतात. तिने आधी अर्थातच 13 आणि 19 लिहिलं, जोतं एकेका ठोकळ्याने मोठं झालं, आणि मधलं दार मधे येईना तेव्हा ते तिच्या लक्षात आलं. मी काही बोललो नव्हतो. तिने कोपऱ्यापासून बोटाने ठोकळे मोजले आणि म्हणाली, “मी उभी आहे तोपण धरायचा असतो!”

भिंती चार ठोकळे उंच झाल्या. छपरासाठी आधी तिला भाजक्या मातीचा ठोकळा आवडला होता. रंग अगदी मंगळुरी कौलाचा. पण त्या ठोकळ्याच्या पायऱ्या गेममध्ये नाहीत, आणि उतरत्या छपरासाठी तिला पायऱ्या हव्या होत्या. विटांच्या पायऱ्या आहेत. म्हणून नऊ खणांपैकी एक विटांना गेला.

पायरीच्या ठोकळ्याने छप्पर करायचं म्हणजे प्रत्येक ठोकळा आत गेलं की एक ठोकळा वर जायचं. भिंतीबाहेर दोन्हीकडे एकेक ठोकळा वळचण धरली तर रुंदी पंधरा होते. दोन्ही बाजूंनी सात-सात पायऱ्या आणि आठव्या जागी आढ्याची अर्धी पट्टी. उंची साडेसात. भिंत चार आणि तिच्यावर छप्पर साडेसात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ओटीसमोर उभं राहून बघितलं तर घराचं देऊळ झालं होतं. तिला ते कळलं, पण का झालं ते कळेना. फोटो शेजारी धरला तेव्हा दिसलं की आजोळच्या छपराचा उतार बराच सौम्य आहे. पायऱ्यांचा उतार 45 अंशांचा असतो आणि तो बदलता येत नाही.

मग स्लॅब. अर्ध्या उंचीच्या चपट्या ठोकळ्याला गेममध्ये स्लॅब म्हणतात. तो खालच्या अर्ध्या भागात बसवता येतो किंवा वरच्या. पहिल्या ओळीत खाली, दुसऱ्या ओळीत त्याच पातळीवर वर, तिसऱ्या ओळीत एक पातळी चढून पुन्हा खाली, असं करत गेलं की ठोकळाभर आत गेल्यावर फक्त अर्धा ठोकळा वर जातो. पंधराच्या रुंदीत आढं आठव्या ओळीला येतं. आठ अर्धे म्हणजे चार. चारच्या भिंतीवर चारचं छप्पर बसलं आणि घर एकदम कोकणातलं दिसायला लागलं. उतार साधारण 27 अंश.

पण हे काम चिकाटीचं आहे. तिसऱ्या ओळीचा स्लॅब हवेत ठेवता येत नाही, त्याला शेजारी काहीतरी टेकू लागतो. दुसऱ्या ओळीच्या डोक्यावर मातीचा एक तात्पुरता ठोकळा ठेवायचा, त्याच्या कुशीला खालच्या अर्ध्या भागात क्लिक करून स्लॅब लावायचा, मग माती काढायची. गवंड्याची परांचीच ती. क्लिक चुकून वरच्या अर्ध्या भागात झालं तर स्लॅब वर चिकटतो आणि उतारात दात पडलेला दिसतो. हे आतून बघायचं. आत उभं राहून वर पाहिलं की दोन ओळींमधून आकाशाची चीर दिसते. भाचीने अशा बऱ्याच चिरा शोधून बुजवल्या.

आत मग माळा आला, लाकडी खांब आले, ओटीवर साखळ्यांना टांगलेला झोपाळा आला. तो हलत नाही, दिसतो फक्त. तुळशीवृंदावनासाठी दगडावर कुंडी आणि कुंडीत नेचा लावला. तुळस गेममध्ये नाही. आणि चूल पेटवताना घर जळालं.

तिने चुलीत खरी आग लावली होती. माइनक्राफ्टमध्ये आग आणि तापलेला लाव्हा जवळच्या लाकडाला, लोकरीला, पानांना पेटवतात, आणि क्रिएटिव्हमध्ये ठोकळे फुकट असले तरी ते जळणं थांबत नाही. दगड-विटा टिकल्या. खांब, माळा गेले. तिला रडू आलं ते मात्र आग लागली म्हणून नाही, मागे फिरायची सोय नाही म्हणून. चित्राच्या ॲपमध्ये असतं तसं ‘उलटं कर’ बटण या गेममध्ये नाही. तेव्हापासून रोज बसण्यापूर्वी जगाची प्रत काढायची शिस्त लागली. कॉम्प्युटरच्या जावा आवृत्तीत जग निवडून `Edit` मध्ये `Make Backup` आहे, फोन-टॅबवरच्या बेडरॉक आवृत्तीत जगाच्या सेटिंगमध्ये `Copy World`. चुलीसाठी शेकोटीचा वेगळा ठोकळा असतो, तो धूर काढतो पण शेजारी पेटवत नाही. आता चुलीत तो आहे.

या गेमची एक मर्यादा पालकांनी नीट समजून घ्यावी, कारण ‘यातून मूल इंजिनियर होतं’ अशा गप्पा फार चालतात. माइनक्राफ्टमध्ये वाळू, खडी अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर वजन नावाची चीजच नाही. भाचीच्या घराच्या चारही भिंती काढल्या तरी छप्पर तिथेच हवेत राहील. प्रमाण, सममिती, उतार, रंगसंगती, मोजणी हे हाताखालून जातं. भार कसा खाली उतरतो, तुळई का वाकते, हे जात नाही. त्यासाठी लाकडी ठोकळे, पत्ते, बांबूच्या काड्या हव्यात. पत्त्यांचा बंगला या एका बाबतीत माइनक्राफ्टपेक्षा पुढे आहे.

माइनक्राफ्ट सगळ्यांना झेपेल असंही नाही. त्याहून लहान मुलाला, किंवा एकाच बैठकीत काहीतरी पुरं झालेलं बघायचं असतं अशाला, टाउनस्केपर चांगला. ऑस्कर स्टॉल्बर्गचा हा गेम 2021 मध्ये पूर्ण झाला. समुद्रात बोट टेकवलं की जोतं उगवतं, त्यावर टेकवलं की घर चढतं. कमानी, जिने, छपरं गेम स्वतः लावतो. चारी बाजूंनी घरं लावून मधला चौक बंद केला की तिथे आपोआप बाग होते, आणि हे कुठेही लिहिलेलं नसल्यामुळे मुलं ते शोधून काढतात. पण त्यात आजोळचं घर होणार नाही. आकार गेमचा, फक्त रचना आणि रंग मुलाचे. 2024 चा टायनी ग्लेड थोडा पुढे जातो. त्यात भिंत ओढून वाकवता येते, छप्पर उंच-बसकं करता येतं, पण त्याला बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागतो.

पैसे घालायचे नसतील तर लुआंटी. आधी त्याचं नाव माइनटेस्ट होतं, 2024 मध्ये बदललं. तो पूर्ण फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर, अँड्रॉइड फोनवर चालतो. फक्त हे लक्षात ठेवायचं की लुआंटी हा गेम नाही, गेम चालवणारं यंत्र आहे. उघडल्यावर आतून माइनक्लोनियासारखा एखादा गेम उतरवून घ्यावा लागतो, नाहीतर मूल रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतं. रोब्लॉक्स मी या रांगेत धरत नाही. त्यात बांधता येतं हे खरं, पण मूल तिथे बहुतेक वेळ दुसऱ्यांनी केलेल्या गेममध्ये, अनोळखी लोकांच्या गर्दीत आणि पैसे खर्च करायच्या बटणांमध्ये असतं. बेडरॉक माइनक्राफ्टमध्येही दुकान आहेच; ते पासवर्डने बंद करून टाकावं. आणि फोन की कॉम्प्युटर असा प्रश्न असेल तर कॉम्प्युटर. वर सांगितलेलं स्लॅबचं काम बोटाने करून बघा, पटेल.

घर पुरं झाल्यावर भाचीनेच विचारलं, “यात भुतं आणता येतात का?” येतात. `Difficulty` वाढवून `/gamemode survival` लिहिलं की त्याच जगात, त्याच घरात रात्र काढता येते. तिला लढायचं नव्हतंच, आपलं घर टिकतं का एवढंच बघायचं होतं. 2021 च्या अखेरच्या आवृत्तीपासून झोंबी वगैरे मंडळी दिव्याचा जराही उजेड नसेल तिथेच उगवतात, म्हणून प्रत्येक खोलीत एकेक मशाल पुरते. माळ्यावर ती विसरली होती, तिथून एक खाली आला. तो बंदोबस्त झाल्यावर बाहेर बघते तर दोन झोंबी छपरावर. उभ्या पायऱ्यांवर आणि खाली बसवलेल्या स्लॅबवर ते उगवत नाहीत. वरच्या अर्ध्या भागात बसवलेल्या स्लॅबवर उगवतात, आणि तिच्या छपरात एकाआड एक ओळ तशीच होती. देवळासारखं दिसणारं ते पहिलं छप्पर या कामी पक्कं होतं. तिने उतार बदलला नाही. एकाआड एक ओळींवर कंदील लावायला घेतले आणि त्यासाठी नऊ खणांतून नेचा काढून टाकला.